उपाशी श

माझा ल कधी चुकला न्हाय, असं पस्तीस वर्षं मी सगळ्या गल्लीला ठणकावून सांगत आलो. आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'आलो, गेलो'च म्हणतात, तेव्हा ऐकताना गोंधळू नका. मी तानाबाई. चौदा म्हशी, एक मुलगा आदर्श, एक सून अनुजा, आन् तोंड जरा तिखट. तिखट तर तिखट, आता ह्या वयात कुठं साखर घालू?

तर दिवाळी पाडव्याची गोष्ट. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, पाठीवर नक्षी, गळ्यात घुंगुरमाळा, आन् मग गल्लीतनं वाजतगाजत बाहेर काढायच्या. त्या निघायच्या आधी गल्लीच्या तोंडाला रांगोळीनं 'शुभ दीपावली' लिहिलेलं पाहिजे. हे लिहिणं मी आन् रत्नाक्का, आम्ही दोघींनी मिळून पस्तीस पाडवे केलं. अर्धं तिनं, अर्धं मी.

रत्नाक्का म्हंजे समोरच्या घरची. जैनाची, नवऱ्याचं गुळाचं दुकान, स्वतः मॅट्रिक झालेली. मी नेसरीकडची, दुसरीतनं शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन आलो तेव्हा मला शेण काढायला, धार काढायला आन् सासूचं बोलणं खायला येत होतं. पहिल्याच पाडव्याला अक्का दारात आली आन् म्हणाली, "ताना, चल की गं रांगोळीला. एकटीच्यानं उरकत न्हाय."

"मला कुठं लिवाय येतंय?" मी म्हणालो.

"ठिपके जोडाय येतात न्हवं? मग झालं. अक्षर म्हंजे ठिपकेच."

तिच्याकडं एक जाड कागद होता. त्याला उदबत्तीनं जाळून भोकं पाडलेली, आडवी नऊ, उभी नऊ, दोन भोकांत चार बोटांचं अंतर. कागद अंथरायचा, त्यावर रांगोळी पसरून हात फिरवायचा, उचलला की खाली ठिपके तयार. असा शेजारी शेजारी तीनदा ठेवला की आडवे सत्तावीस ठिपके होतात. नऊ ओळींतल्या वरच्या दोन वेलांटीसाठी, खालच्या दोन उकारासाठी, मधल्या पाच अक्षराच्या. त्या पाचातल्या पहिलीवर डोक्यावरची रेघ. आन् सगळ्या बाजूंनी एक ठिपका अंतर सोडून चौकट.

अक्षराचं माप पण तिनंच बसवलेलं. प्रत्येक अक्षराला आडवे तीन ठिपके. काना आला तर त्याला चौथा. दुसऱ्या वेलांटीचा दांडा, त्याला पण चौथा. उकार खाली लोंबतो, तो बिचारा आडवी जागा मागत न्हाय. दोन अक्षरांत एक ठिपका मोकळा, दोन शब्दांत दोन. ह्या हिशोबानं 'शुभ दी' हे तेरा ठिपके, 'पावली' हे पण तेरा, आन् मधला एक मोकळा. म्हंजे सत्तावीस. बरोब्बर चौदावा ठिपका मधला. शब्द मधी बसवायचा तर डाव्या टोकाकडनं सुरुवात करायची न्हाय, असं अक्काचं म्हणणं. मधला ठिपका धरायचा आन् दोन्हीकडं बाहेर बाहेर जायचं. त्या मधल्यावर ती हळदीची चिमूट टाकायची. हळदीच्या उजवीकडं माझं 'पावली'. डावीकडं तिचं, ते ती उलटं काढायची, आधी दी, मग भ, मग शु. मला ते बघूनच चक्कर यायची.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो. पा काढला. व काढला. ल ला दोन पोटं असतात, ती काय माझ्या हातानं आवरेनात. वेलांटीचा दांडा जो खाली उतरला तो थेट चौकटीवर जाऊन बसला. शब्द सगळा उजवीकडं कलंडलेला. माझी सासू धोंडुबाई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "बघा गं बघा, म्हशीनं दावणीत शिंग अडकवलंय! धार काढणाऱ्या हाताला अक्षरं पाहिजेत!" सगळी गल्ली हसली. मी गोठ्यात जाऊन रडलो. ठरवून टाकलं, परत चिमटीत रांगोळी धरायची न्हाय.

दुसऱ्या वर्षी अक्का परत दारात. मी म्हणालो, "येणार न्हाय." ती म्हणाली, "ये गं. औंदा बसंल." म्हशींची धार उरकून पोचलो तवर तिनं ठिपके, हळद, चौकट सगळं करून ठेवलेलं. मी जीव मुठीत धरून काढत गेलो. पा, व, आन् ली. दांडा चौकटीच्या आत! एक ठिपका अंतर राखून, जिथल्या तिथं. अहो, मी तिथंच नाचायची राहिलो. सासूच्या तोंडावर सांगितलं, "बघा, बसलं की न्हाय?" तिनं नाक मुरडलं, पर दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती, आमची सून लिवती म्हणून.

तवापासनं माझा हात बसला तो बसला. दर वर्षी मी धारेवरनं यायचो, अक्काचं ठिपके-चौकट झालेलं असायचं, हळदीपासनं मी सुटायचो ते चौकटीशी थांबायचो. मोजायची गरजच न्हाय. आन् आपलं चांगलं जमलं की माणसाला दुसऱ्याचं दिसायला लागतं, तसं मला अक्काचा श दिसायला लागला. भ कसा दणदणीत, द कसा टपोरा, आन् टोकाला श मात्र वाळलेला. दोनच ठिपक्यांत कसाबसा उभा. मी दर पाडव्याला तिला डिवचायचो.

"अक्का, तुझा श असा उपाशी का गं? पर्युषणाचा उपास दिवाळीपतोर चालतोय काय ह्याचा?"

ती हसायची. "व्हय. कडक हाय त्याचा उपास. सुटला की जेवल."

"कधी सुटायचा?"

"सुटल, सुटल. तू आपल्या ल कडं बघ."

मी बघायचो की. माझा ल गल्लीत एक नंबर.

मग तिचे मालक गेले. दोन वर्षांमागं तिचा मुलगा वृषभ तिला जयसिंगपूरला घेऊन गेला. त्या दोन दिवाळ्यांत गल्लीच्या तोंडाला काय न्हवतं. अनुजानं एकदा बाजारातनं प्लास्टिकचा छापा आणला. वरनं रांगोळी चाळली की 'शुभ दीपावली' तयार, दीड मिनिटात. मी म्हणालो, "छान हाय गं, पर उचल." ती फुगून बसली दोन दिवस.

औंदा वृषभचा फोन आला. "तानामावशी, घर विकलंय आम्ही. पाडव्याला चावी द्यायला येतोय. आईला पण आणतोय, शेवटचं घर बघंल." मग म्हणाला, "तुम्हाला माहीतच हाय. अंगावरनं वारं गेल्यापासनं उजवा हात काम करत न्हाय तिचा. बोलणं पण एखाद-दुसरा शब्द. साडेनऊला परत निघणार आम्ही, चिडू नका."

मी चिडलो न्हाय. फोन ठेवला आन् भिंतीकडं तोंड करून बसलो. आता ही बाई शेवटची ह्या गल्लीत येणार, आन् गल्लीचं तोंड मोकळं? मी ठरवलं. पुरं 'शुभ दीपावली' मी काढणार, तिचं अर्धं पण. ती गाडीतनं उतरली की तिला ते दिसलं पाहिजे, जसं असायचं तसं, चौकटीच्या मधोमध. त्याच्यापेक्षा मला दिवाळीला दुसरं काय नको होतं.

कागद अक्का जाताना माझ्याकडंच ठेवून गेलती. ट्रंकेतनं काढला. भोकं जरा मोठी झालेली, कडा पिवळ्या पडलेल्या. बघतो तर मधल्या ओळीत चौथ्या भोकाभोवती हळदीचा डाग. मी बोटानं मोजलं. नवाचा मधला पाचवा. मधल्या कागदाचं पाचवं भोक म्हंजेच चौदावा ठिपका. हळद पाचव्यात पाहिजे. चौथ्यात कशी? म्हटलं, मॅट्रिक झालेली बाई, पर नजर कमी आलती बिचारीची. मी तिला मनातल्या मनात माफ पण करून टाकलं. बघा माझा तोरा!

पाडव्याला धार आदर्शवर टाकली. उजाडायला गल्लीचं तोंड धुतलं, गेरू फासला, वाळू दिला. तीनदा कागद ठेवला. सत्तावीस ठिपके दोनदा मोजले. हळद पाचव्या भोकातनं टाकली, शिस्तीत. चौकट आखली. मग डावीकडं वळलो. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून बघून महिनाभर अक्षरं गिरवलेली, तरी घाम फुटला. दी चा दांडा हळदीच्या शेजारी. मग द. दोन मोकळे. मग भ, उजवा दांडा आधी. एक मोकळा. मग श. इथं मी म्हणालो, अक्का, आज तुझ्या श ला मी जेवायला घालतो. पुरे तीन ठिपके दिले त्याला. गोल गाठ, भक्कम दांडा, खाली उकार. पहिल्या ठिपक्यावर सुरू, चौकटीपासनं एक अंतर. अगदी बेतात. असा देखणा श त्या गल्लीनं कधी बघितला न्हवता.

मग उजवीकडं वळलो. इथं काय, इथं माझं राज्य. पा. व. हात आपोआप चाललेला. गाडीचा हॉर्न ऐकू आला, वृषभची गाडी वळणावर. मी घाईनं ल चं पहिलं पोट, दुसरं पोट, दांडा, वेलांटी वर नेली आन् खाली सोडली.

दांडा चौकटीवर.

मी डोळे चोळले. चौकटीवरच. शब्द उजवीकडं कलंडलेला, पहिल्या वर्षी कलंडला होता तस्साच. माझ्या तोंडातनं काय काय शिव्या निघाल्या ते सांगत न्हाय, सणाचा दिवस हाय. ठिपक्यांना दिल्या, कागदाला दिल्या, गेरूला दिल्या. परत मोजलं. सत्तावीस. हळद चौदाव्यावर. मग गेला कुठं एक ठिपका?

"काय झालं आई?" अनुजा धावत आली.

"भूत झालं! गप उभी राहा."

तवर वृषभनं अक्काला उतरवून खुर्ची मांडून बसवलेलं. अंगानं निम्मी झालती. डाव्या हातात काठी, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणी दुसऱ्यानं आणून ठेवल्यागत. तिनं आधी मला बघितलं, मग रांगोळी. डावीकडनं उजवीकडं नजर नेली आन् ली पाशी थांबली. आन् हसायला लागली. तोंड वाकडं झालेलं, पर हसणं तेच.

"हसतीस काय अक्का? मोडलं सगळं! तुला दाखवायचं होतं मला." मी हातातली रांगोळी झटकली. "बरोबर मोजलंय गं मी. कुठं चुकलं ते कळंना."

तिनं काठी मांडीवर आडवी ठेवली आन् डाव्या हाताची चार बोटं वर केली. "ल," ती म्हणाली. एवढंच.

"ल ला तीनच की! तूच शिकवलंस."

तिनं चार बोटं तशीच धरली. मग मी खाली वाकलो आन् आयुष्यात पहिल्यांदा माझा ल मोजला. एक, दोन, तीन, चार. वेलांटी पाचव्यावर.

 अक्कानं काठीनं कागदाकडं दाखवलं. मी तो तिच्या पायाशी आणून अंथरला. तिनं काठीचं टोक हळदीच्या डागावर ठेवलं, चौथ्या भोकावर, आन् माझ्याकडं बघत राहिली.

आता मी शिकलेलो न्हाय, पर इतका पण ढ न्हाय. हळद चौथ्यात, म्हंजे मधला एक ठिपका डावीकडं सरकवलेला. म्हंजे माझ्या बाजूला तेराच्या जागी चौदा. म्हंजे तिच्या बाजूला बारा. आन् बारात बसवायचं तर कुणीतरी एक ठिपका सोडायला पाहिजे. कुणी सोडला? टोकाला असलेल्या श नं सोडला.

दुसऱ्या वर्षी माझा हात सुधारला न्हवता. तिनं हळद सरकवलती. माझ्या जाड्या ल ला जागा व्हावी म्हणून तिनं आपल्या श चं पोट कापलं, एकदा न्हाय, दोनदा न्हाय, चौतीस पाडवे. आन् मी दर पाडव्याला त्या श लाच उपाशी उपाशी म्हणून हिणवलं, चारचौघांत, दात काढून.

मी तिच्या पायाशी बसलो आन् हमसून रडलो. लाज कसली त्यात. रडताना भांडलो पण. "अगं सांगायचं न्हाईस व्हय? एकदा म्हणायचं, ताना, तुझा ल जाड हाय. काय जीभ झडली असती तुझी?"

अक्कानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शब्द यायला लई वेळ लागला. वृषभ मदतीला पुढं झाला, तिनं त्याला नजरेनंच मागं सारलं.

"आली..." ती म्हणाली, "आली नसतीस."

खरं होतं. पहिल्या वर्षी गल्ली तशी हसल्यावर दुसऱ्यांदा कुणी चूक दाखवली असती, तर मी मेलो तरी गेलो नसतो. ना मला अक्षरं आली असती, ना ही बाई मिळाली असती. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिचा डावा हात माझ्या पाठीवर आला.

"मावशी, सव्वानऊ झाले," वृषभ हळूच म्हणाला. आतनं आदर्शचा आवाज आला, म्हशी सोडतोय म्हणून. घुंगरं वाजायला लागली.

मी उठलो. डोळे पदरानं पुसले आन् ओल्या फडक्यानं ली तेवढी पुसून काढली. गेरूचा हात दिला. चौकटीची उजवी रेघ मोडली होती, ती नीट केली. कागद ठेवून ठिपके परत पाडले. आन् अक्काला म्हणालो, "आता तीनात काढतो. बघ तू."

तोंडानं म्हणालो खरी. पर पस्तीस वर्षांची सवय, हाताला तीन ठाऊकच न्हवतं. पहिलं पोट काढलं तेच फुगलं. पुसलं. परत काढलं, परत फुगलं. घुंगरं जवळ येत चाललेली.  "न्हाय जमत गं अक्का," मी म्हणालो.

ठक्क असा आवाज झाला. तिनं खुर्चीतनंच काठी लांब करून टोक तिसऱ्या ठिपक्यावर रोवलं. हलली न्हाय. तिथंच थांबायचं, पुढं जायचं न्हाय. मी पहिल्या ठिपक्यावरनं सुटलो. पहिलं पोट बारकं, काठी समोर दिसत होती म्हणून. दुसरं त्याच्यापेक्षा बारकं. काठीशी आलो, तिनं काठी उचलली, आन् तिसऱ्यावर मी दांडा सोडला. चौथ्यावर वेलांटी. मग चौकट, मधी एक मोकळं अंतर ठेवून.

मी मागं सरकून अक्काच्या खुर्चीशेजारी उभी राहिलो. शब्द मधोमध बसला होता. जितकी जागा डावीकडं, तितकीच उजवीकडं. अनुजा मोबाईल काढायची पण विसरली.

अक्कानं ली बघितली. मान हलवली. मग नजर हळूहळू डावीकडं गेली, व, पा, दी, भ, आन् टोकाला जाऊन थांबली. त्या श वर. तीन ठिपक्यांच्या, भरल्या पोटाच्या.  काठी तिनं माझ्या हातात दिली आन् मोकळ्या झालेल्या हातानं माझं मनगट धरलं.

"जेवला," ती म्हणाली.